भाच्याची नवी गाडी आणि शेड्यूलमधला ५० टक्के एनसीबी: एका पॉलिसीचं वाचन

आधी केस काय आहे ते सांगतो. गाडी पेट्रोल, ११९७ सीसी, एक्स-शोरूम किंमत ८,४०,०००. घेणारा माझा भाचा, राहायला निपाणी, नोकरी बेळगावला उद्यमबागेत फाउंड्रीत, आयुष्यातली पहिली गाडी. बँकेचं कर्ज सात लाख, बाकीचे तीन लाखाच्या आसपास रोख, त्यात दाजींची म्हणजे त्याच्या बाबांची जुनी गाडी शोरूमलाच एक्स्चेंजमध्ये दिली त्याचेही पैसे आले. पॉलिसी शोरूमनेच काढून दिली, एकूण प्रीमियम २७,०३३ रुपये. त्याच्या मित्राने तशीच गाडी घेतली त्याला पस्तीस-छत्तीस हजार पडलेले, त्यामुळे हा खूश. मला व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली आणि खाली लिहिलं, "मामा, फुल इन्शुरन्स हाय म्हटलाय सेल्समन, मी सही केलो, एकदा नजर टाका की."

विम्याच्या कामात असल्यामुळे घरातल्या सगळ्यांच्या पॉलिस्या माझ्याकडे येतातच, बहुतेक वेळा क्लेम अडकल्यावर येतात, ह्याने आधी पाठवली हे बरं केलं. पीडीएफ पंधरा-सोळा पानांची असते पण त्यातली पहिली दोन पानं म्हणजे शेड्यूल, आणि वाचायचं ते हेच. पुढची पानं सगळ्यांना सारखीच असतात, शेड्यूल तेवढं तुमचं एकट्याचं. आणि ते नुसतं वाचून कळत नाही, शेजारी गाडीचं इनव्हॉइस आणि जुनी पॉलिसी घेऊन बसायचं, म्हणजे कुठला आकडा कुठून आला ते दिसतं.

नाव, पत्ता, चेसिस नंबर, इंजिन नंबर हे मी आधी जुळवून घेतलं, बरोबर होतं. रजिस्ट्रेशन नंबरच्या जागी "न्यू" होतं, ते चालतं, केए-२३ चा नंबर हातात आला की कंपनीला कळवून घालून घ्यायचा. बँकेचं नाव हायपोथिकेशनमध्ये आहे, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत गाडी बँकेकडे तारण, हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येतो.

मग तारखा. इथे भाचा पहिल्यांदा चुकला. त्याने वाचलं "तीन वर्षं" आणि धरून चालला की तीन वर्षं काही बघायचं नाही. नव्या कारला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावाच लागतो, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर तो नियम आला, १ सप्टेंबर २०१८ पासून. पण थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर. तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान ज्यात येतं तो ओन डॅमेज, आणि तो ह्या पॉलिसीत फक्त एक वर्षाचा आहे. शेड्यूलवर दोन ओळी असतात, एकीत एक वर्ष, दुसरीत तीन वर्षं, आणि ज्याला हे माहीत नाही तो मोठी तारीख बघून मोकळा होतो. दुसऱ्या वर्षी ओन डॅमेज वेगळा घ्यायचा, त्याच कंपनीकडून घ्यायला पाहिजे असं काही नाही. असे लोक बघितलेत मी, दीड वर्षाने गाडी ठोकली, पॉलिसी काढून दाखवतात की बघा अजून चालू आहे, आणि चालू असतो तो फक्त थर्ड पार्टी.

आता आयडीव्ही. शेड्यूलवर ७,९८,००० लिहिलेलं. भाच्याचा प्रश्न साधा होता, "आठ चाळीसची गाडी, शोरूमच्या बाहेर पण नाही निघाली आणि बेचाळीस हजार कमी कशाला केल्यात?" ह्यात कुणी लबाडी केलेली नाही. आयडीव्ही म्हणजे गाडी पूर्ण गेली, चोरी झाली किंवा दुरुस्तीच्या पलीकडे मोडली, तर कंपनी जास्तीत जास्त किती देणार तो आकडा, आणि तो काढायची पद्धत ठरलेली आहे: कंपनीची जाहीर विक्री किंमत घ्यायची आणि वयाप्रमाणे घसारा वजा करायचा. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, सहा महिने ते वर्ष १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४०, पाचव्यात ५०, त्यापुढे तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवायचं. ८,४०,००० चे ५ टक्के ४२,०००, राहिले ७,९८,०००. आकडा बरोबर.

पण त्याने विचारलेल्यापेक्षा मोठी गोष्ट ह्या आकड्यात काय नाही ती आहे. रोड टॅक्स नाही. कर्नाटकात पाच ते दहा लाखाच्या गाडीला आजीवन कर १४ टक्के आणि त्या करावर परत सेस, ह्या गाडीला ते सगळं मिळून एक लाख तीस हजाराच्या घरात गेलं. सीमेवरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, कोल्हापूरचा पाव्हणा तीच गाडी कमी टॅक्समध्ये घेतो आणि आपण इकडं बसून हिशेब करत राहतो. तर हे सव्वा लाखाच्या वरचे पैसे आयडीव्हीत कुठेच येत नाहीत, इन्शुरन्सचे पैसे येत नाहीत, नंतर बसवलेल्या ॲक्सेसरीज येत नाहीत.

हिशेब करूनच दाखवतो. समजा चार महिन्यांनी गाडी चोरीला गेली आणि सापडलीच नाही. कंपनी देणार ७,९८,००० वजा सक्तीचा डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेमला आपणच सोसायची रक्कम, १,००० (दीड हजार सीसीपर्यंतच्या कारला एवढाच असतो), म्हणजे ७,९७,०००. पण हे पैसे आधी बँकेकडे जाणार कारण हायपोथिकेशन बँकेचं आहे. तोपर्यंत कर्ज समजा ६,७०,००० बाकी असेल तर ते वळते करून भाच्याच्या हातात येणार १,२७,०००. त्याने खिशातून घातलेले तीन लाखाच्या आसपास, वर चार हप्ते भरलेले ते वेगळे. म्हणजे विमा पूर्ण, क्लेम पूर्ण पास, कुणी काही कापलं नाही, आणि तरी गाडीही नाही आणि पावणेदोन लाखही नाहीत. नुसतं "फुल इन्शुरन्स" म्हटल्यावर हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

हा खड्डा भरायला रिटर्न टू इनव्हॉइस नावाचं ॲड-ऑन, म्हणजे मूळ पॉलिसीवर जादा पैसे भरून घ्यायचं संरक्षण, असतं, ते आयडीव्ही आणि इनव्हॉइसमधला फरक देतं, रोड टॅक्स आणि रजिस्ट्रेशनही बऱ्याच कंपन्या धरतात, पण धरतात की नाही ते त्या ॲड-ऑनच्या मजकुरात वाचायचं, नावावर जायचं नाही. चोरी आणि टोटल लॉसलाच ते लागू पडतं, बंपर फुटला तर त्याचा काही उपयोग नाही. आणि बहुतेक ठिकाणी गाडी पहिली दोन-तीन वर्षांची असेपर्यंतच मिळतं. जिथे टॅक्सच एवढा आहे तिथे, कर्जावर गाडी घेणाऱ्याला, माझ्या मते पहिल्या तीन वर्षांत हे झिरो डेपच्या, म्हणजे दुरुस्तीच्या बिलात घसारा न कापणाऱ्या ॲड-ऑनच्या, आधी बघायला पाहिजे. भाच्याच्या शेड्यूलवर ते नव्हतं.

इथेच त्याच्या मित्राचं कोल्हापूरचं कोटेशन पण मध्ये आलं. "मामा, कोल्हापुरात तर अजून स्वस्त देत होते की, इकडं आपल्याला जास्त लावतात काय?" मी मागवून बघितलं. विम्याच्या जुन्या टॅरिफमध्ये, म्हणजे ठरलेल्या दरांच्या नियमावलीत, खाजगी कारसाठी देशाचे दोन झोन आहेत, ए मध्ये पुणे, मुंबई, बेंगळुरू धरून आठ मोठी शहरं आणि बी मध्ये उरलेलं सगळं. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सगळे बी. म्हणजे गावामुळे दर बदलत नव्हता. बदललं होतं ते आयडीव्ही, त्या कोटेशनमध्ये ७,३०,००० धरलेलं, आणि झिरो डेप काढून टाकलेलं. आयडीव्ही खाली खेचला की प्रीमियम खाली येतो, पण किती येतो ते बघा: ६८,००० ने आयडीव्ही कमी केला तर ह्या गाडीच्या दराने ओन डॅमेजचे तेराशे रुपये वाचतात. तेराशेसाठी अडुसष्ट हजार सोडायचे. शिवाय दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी गाडी टोटल लॉसमध्ये धरते, ७,९८,००० ला ती रेषा ५,९८,५०० वर आहे, ७,३०,००० ला ५,४७,५०० वर येते. छोट्या क्लेमला मात्र आयडीव्ही कमी असल्याने पैसे कमी मिळत नाहीत, हे पण खरं आहे, म्हणून दोन-चार वर्षं लोकांच्या लक्षातच येत नाही.

इथपर्यंत सगळं समजावून सांगण्यासारखं होतं, बिघडलेलं काही नव्हतं. बिघाड पुढच्या ओळीत होता.

प्रीमियमचा तक्ता असा होता. बेसिक ओन डॅमेज २५,४६४, हा ७,९८,००० वर ३.१९१ टक्क्यांनी येतो, झोन बी, एक हजार ते दीड हजार सीसी. त्यातून कंपनीचा डिस्काउंट ४० टक्के, राहिले १५,२७८. मग ओळ होती नो क्लेम बोनस, म्हणजे एनसीबी, क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, ५० टक्के, वजा ७,६३९. मी तिथेच थांबलो. पहिली गाडी घेणाऱ्या पोराला ५० टक्के एनसीबी आला कुठून?

एनसीबी मिळायचा क्रम असा: एक वर्ष क्लेम नाही तर २० टक्के, दोन वर्षं २५, तीन ३५, चार ४५, पाच वर्षं ५०, त्यावर नाही. म्हणजे ५० टक्के आहे म्हटल्यावर कुणीतरी सलग पाच वर्षं क्लेम न करता पॉलिसी चालवलेली असली पाहिजे. शेड्यूलवर वरच्या बाजूला मागच्या पॉलिसीचा नंबर आणि कंपनी असा रकाना असतो, नव्या गाडीला तो रिकामा असतो, ह्याच्यात भरलेला होता. दाजींच्या जुन्या गाडीच्या पॉलिसीचा नंबर. भाच्याला फोन लावला.

"अरे, एनसीबी कुणाचा लावलाय?"

"बाबांची गाडी दिलो नव्हं एक्स्चेंजला, तिचा बोनस इकडं फिरवून देतो म्हटला तो. घरचीच गाडी हाय की."

"नवी आरसी कुणाच्या नावावर?"

"माझ्या."

"आणि जुनी?"

"बाबांच्या."

झालं. एनसीबी गाडीचा नसतो, पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्या माणसाचा असतो. दाजींनी जुनी गाडी विकून स्वतःच्या नावावर नवी घेतली असती तर तो ५० टक्के सरळ लागला असता, कुणी बोट दाखवलं नसतं. पण बाप जिवंत असताना त्याचा बोनस पोराच्या नावच्या गाडीला जात नाही, एका घरात राहतात, एका ताटात जेवतात हे विम्याला चालत नाही. फक्त एक वाट आहे, मालक वारला आणि गाडी नवरा-बायको, मुलं किंवा आई-वडिलांकडे वारसाने आली तर तो बोनस त्यांना मिळू शकतो. इथे तसं काहीच नव्हतं, दाजी ठणठणीत आहेत, उलट मला फोनवर म्हणाले की माझा बोनस पोराला दिला तर कंपनीचं काय जातं.

कंपनीचं काय जातं ते नाही, पोराचं काय जातं ते बघायला पाहिजे. प्रपोजल फॉर्मवर एनसीबीचं एक डिक्लरेशन असतं, की मी मागितलेला बोनस बरोबर आहे, खोटा निघाला तर पॉलिसीच्या सेक्शन एकचे, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे सगळे फायदे जप्त. त्यावर सही भाच्याची आहे, सेल्समनची नाही. थर्ड पार्टी तसाच राहतो. पण गाडी ठोकली की क्लेम विभाग पहिली गोष्ट करतो ती जुन्या कंपनीला मेल टाकून एनसीबी खरा का विचारणं, आणि उत्तर यायला वेळ लागत नाही. काही कंपन्या त्या प्रमाणात रक्कम कापून देतात, काही सरळ नाकारतात, आणि नाकारल्यावर ग्राहक आयोगाची पायरी चढायची. जुन्या टॅरिफमध्ये असंही आहे की बोनस दिल्यावर २१ दिवसांत विमा कंपनीने आधीच्या कंपनीला पत्र लिहून खात्री करायची, त्या मुद्द्यावर भांडता येतं, पण नव्या गाडीची चावी हातात असताना आज दुरुस्त करता येणारी गोष्ट उद्या भांडायला कशाला ठेवायची.

पैशात बघा. ७,६३९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १,३७५, म्हणजे ९,०१४ रुपये वाचले. मित्रापेक्षा ह्याची पॉलिसी नऊ हजाराने स्वस्त होती त्याचं गुपित एवढंच. आणि पणाला लागलं होतं ७,९८,०००. शोरूमच्या माणसाने हे मुद्दाम केलं की त्यालाच नियम माहीत नव्हता ते मला सांगता येणार नाही, त्याला महिन्याच्या शेवटी गाडी द्यायची असते आणि गिऱ्हाईक नऊ हजार कमी म्हटल्यावर लगेच हो म्हणतं.

दुरुस्ती सोपी होती. भाच्याने विमा कंपनीला मेल केला, शोरूमला कॉपी ठेवून, की अमुक पॉलिसीत एनसीबी चुकून लागलाय, जुनी पॉलिसी वडिलांच्या नावावर आहे आणि गाडी माझ्या, तरी बोनस शून्य करून फरक घ्यावा आणि एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाची लेखी नोंद, द्यावी. फोनवर सांगायचं नाही, लेखीच, तारीख दिसली पाहिजे, आणि क्लेम व्हायच्या आधीची दिसली पाहिजे. फरकाची रक्कम भरली की एन्डॉर्समेंटचं वेगळं पान येतं, ते मूळ पॉलिसीबरोबर ठेवायचं. ९,०१४ भरून एकूण प्रीमियम ३६,०४७ झाला, मित्राच्या गाडीएवढाच. पोराचं तोंड उतरलं पण भरला.

दाजींचा बोनस मात्र वाया जाऊ द्यायचा नव्हता. गाडी विकल्याची कागदपत्रं देऊन त्यांनी आपल्या जुन्या कंपनीकडून एनसीबी राखून ठेवल्याचं पत्र घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं. तीन वर्षांत त्यांनी स्वतःच्या नावावर दुसरी कार घेतली, अगदी सेकंडहँड का असेना, तर ५० टक्के त्यांना लागतो. घेतील असं वाटत नाही, पण पत्राला फारसा खर्च नाही.

भाच्याचा स्वतःचा बोनस आता शून्यापासून सुरू होणार, आणि तिथे एक हिशेब मी त्याला वहीत लिहून दिला. पहिल्या वर्षी एक क्लेम केला तर पुढच्या वर्षीचा २० टक्के जातो एवढंच नाही, सगळी शिडी एक पायरी मागे सरकते. क्लेम नसता तर २०, २५, ३५, ४५, ५०, आणि क्लेम झाला तर ०, २०, २५, ३५, ४५. गाडीचं आयडीव्ही दरवर्षी उतरत जाणार हे धरून, दर आणि डिस्काउंट हाच राहिला असं मानलं, तर पाच वर्षांत मिळून साधारण पावणेसहा हजाराचा फरक पडतो, जीएसटी धरला तर सात हजाराच्या जवळ. म्हणजे चार-पाच हजाराच्या घासाघाशीला क्लेम करण्यात अर्थ नाही, गॅरेजवाल्याने "इन्शुरन्समध्ये घालूया की" म्हटलं तरी नाही. पंधरा हजाराच्या वरचं असेल तर करायचा. मधलं असेल तर मला फोन कर म्हटलो. आणि दुसऱ्या वर्षी ओन डॅमेज संपल्यावर रिन्यूअल लांबवायचं नाही, ९० दिवसांच्या वर गॅप पडला की साठवलेला बोनस गेला.

आता ॲड-ऑन. शेड्यूलवर चार होते, मिळून ४,३०० रुपये: झिरो डेप्रिसिएशन, कन्झ्युमेबल्स म्हणजे ऑइल, नट-बोल्ट अशा दुरुस्तीत खपणाऱ्या वस्तू, रस्त्यावरची मदत, आणि चावी हरवली तर नवी. सेल्समनने ह्यालाच "बंपर टू बंपर" म्हटलं होतं, आणि भाच्याने त्याचा अर्थ सगळंच असा घेतला.

झिरो डेप काय करतं ते एका बिलावर दाखवतो, म्हणजे त्याचं मोलही कळेल आणि हद्दही. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, बॅटरी, टायर ह्यांचे निम्मेच पैसे मिळतात, गाडी कालची असली तरी. काचेला पूर्ण मिळतात. पत्र्याला गाडीच्या वयाप्रमाणे, पहिल्या सहा महिन्यांत काही कापत नाहीत, पुढे वाढत जातं. रंगाच्या बिलातला २५ टक्के हिस्सा मालाचा धरतात आणि त्याचे निम्मे कापतात. समजा पहिल्या सहा महिन्यांतच गाडी पुढून ठोकली: बंपर, जाळी आणि हेडलॅम्प मिळून प्लास्टिक २२,०००, बॉनेट १०,०००, रंग १२,०००, मजुरी ४,०००, एकूण ४८,०००. साध्या पॉलिसीत प्लास्टिकचे ११,००० आणि रंगाचे १,५०० कापले जाणार, वर डिडक्टिबल १,०००, मिळणार ३४,५००. झिरो डेप असेल तर फक्त हजार कापून ४७,०००. ह्या गाडीला झिरो डेपचे ३,१९२ रुपये लागलेत, एका ठोकरीत साडेबारा हजार वाचतात. आजकालच्या गाड्या पुढून-मागून प्लास्टिकच असल्यामुळे हे घेतलं ते बरोबरच केलं. फक्त वर्षाला किती क्लेमला चालतं ते शेड्यूलच्या खाली लिहिलेलं असतं, ह्याच्यात दोन होते.

पण झिरो डेपचं काम घसारा सोडून देणं एवढंच. जे नुकसान मूळ पॉलिसीतच बसत नाही ते झिरो डेपने बसत नाही. आणि निपाणीच्या माणसाला जे नुकसान सगळ्यात जास्त होण्यासारखं आहे ते नेमकं तिथेच येतं, पाणी. २०१९ आणि २०२१ दोन्ही पावसाळ्यांत यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलेलं सगळ्यांनी बघितलंय, आणि भाचा दर आठवड्याला त्याच हायवेने बेळगाव-निपाणी करतो. पुराने उभ्या गाडीचं नुकसान झालं, आत चिखल गेला, सीटा, वायरिंग खराब झालं, तर साधी पॉलिसी देते, पूर हा धोका त्यात आहे. पण पाण्यातून गाडी घातली, बंद पडली, आणि माणसाने परत स्टार्टर मारला, तर इंजिन हवेच्या वाटेने पाणी ओढतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो आणि अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉकला भोक पडतं. सर्व्हेअर इंजिन उघडून वाकलेला रॉड बघतो आणि लिहितो की हे पुराचं थेट नुकसान नाही, चालू केल्यामुळे झालेलं परिणामी नुकसान आहे. मग इंजिनचं बिल, लाखाच्या आसपास सहज जातं, मालकाच्या गळ्यात. ह्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं ॲड-ऑन आहे आणि भाच्याच्या शेड्यूलवर ते नव्हतं. चावीचं होतं. चावी हरवल्यावर काय, दुसरी असते की घरात.

इंजिन प्रोटेक्ट आणि रिटर्न टू इनव्हॉइस दोन्ही आता घालून द्या म्हणून त्याच मेलमध्ये मागितलं होतं. कंपनीने नाही म्हटलं, ॲड-ऑन पॉलिसी सुरू करताना किंवा रिन्यूअलला, मध्ये नाही. हे बहुतेक कंपन्यांचं असंच असतं आणि त्यांचंही बरोबर आहे, नाहीतर लोक जूनमध्ये ढग बघून इंजिन प्रोटेक्ट मागतील. पॉलिसी रद्द करून दुसरी काढायचा विचार केला, पण तीन वर्षांचा थर्ड पार्टी त्यातच, कर्जाचं नाव त्यातच, ती सगळी उलथापालथ करण्यापेक्षा वर्षभर सांभाळून चालव म्हटलो: पाणी टायरच्या निम्म्यावर दिसलं की गाडी घालायची नाही, घातली आणि बंद पडली तर स्टार्टरला हात लावायचा नाही, आधी फोटो, मग रस्त्यावरच्या मदतीचा नंबर, टो करून गॅरेजला. ते ॲड-ऑन आहेच, टोईंग त्यात येतं. आणि गॅरेजमध्येही सर्व्हेअर यायच्या आधी कुणाला इंजिन फिरवू द्यायचं नाही.

शेवटी दोन छोट्या गोष्टी राहिल्या. मालक-चालकाचा अपघात विमा १५ लाखाचा, त्यात नॉमिनीचं नाव कोरं होतं, ते आईचं घालून घेतलं. हा विमा मालकाकडे चालू लायसन्स असेल तरच लागतो, भाच्याचं आहे. आणि ॲक्सेसरीज, इलेक्ट्रिकल शून्य, नॉन-इलेक्ट्रिकल शून्य. पोराने मात्र डिलिव्हरीनंतर लगेच बेळगावात जाऊन अठ्ठावीस हजाराची टचस्क्रीन आणि वीस हजाराची अलॉय व्हील्स बसवून घेतलेली. कंपनीच्या किंमतीत जे नाही ते शेड्यूलवर वेगळं लिहिल्याशिवाय विम्यात नाही, उद्या काच फोडून स्क्रीन नेली तर काचेचे मिळतील, स्क्रीनचे नाहीत. जुन्या टॅरिफच्या दराने इलेक्ट्रिकल वस्तूला किंमतीच्या ४ टक्के, म्हणजे अठ्ठावीस हजाराला ११२० रुपये, आणि हे मध्येही घालता येतं, फक्त जीएसटीचं पक्कं बिल पाहिजे.

"बिल कुठाय?" विचारलं.

"बिल नको म्हटलो मामा, बिल केलं तर अठरा टक्के जास्त पडतात म्हटला तो."

तेव्हा स्क्रीन तशीच आहे, विम्याबाहेर. रिन्यूअलच्या एक महिना आधीची तारीख मी माझ्या आणि त्याच्या दोघांच्या मोबाईलमध्ये टाकून ठेवलीय, तेव्हा आयडीव्ही ७,१४,००० च्या खाली घ्यायचा नाही, इंजिन प्रोटेक्ट आणि रिटर्न टू इनव्हॉइस घालायचं, चावीचं काढायचं, आणि क्लेम झाला नाही तर एनसीबीच्या ओळीत २० टक्के, त्याच्या स्वतःच्या नावाचे, दिसले पाहिजेत.